मेरोपेनेमच्या चौथ्या दिवशी गोळ्या: सलाईन काढण्याची घाई होते आहे का?

सुमेधा_कोथरूड (गुरुवार, रात्र)

माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या शनिवारी हुडहुडी भरून त्यांना १०३ ताप आला, उजव्या कुशीत पाठीमागे प्रचंड दुखू लागले आणि पाणीही पोटात ठरेना, म्हणून घराजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये दाखल केले. तिथे शनिवार-रविवार सेफ्ट्रिआक्सोनची इंजेक्शने दिली, पण ताप हटला नाही आणि सोमवारी सकाळी रक्तदाब ९४ वर आला, तेव्हा मोठ्या रुग्णालयात हलवले. सोमवारी दुपारपासून मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी सुरू आहे. सोनोग्राफीत मूत्रपिंडाला सूज दिसली, खडा किंवा अडथळा नाही, पू साठलेला नाही. लघवी आणि रक्त या दोन्ही कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला असून अहवालावर 'ईएसबीएल', म्हणजे बऱ्याच नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू, असा शिक्का आहे.

बुधवारी सकाळपासून ताप नाही. आज त्यांनी वरणभात खाल्ला, आणि सायंकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले की उद्या सकाळच्या डोसनंतर इंजेक्शन बंद करून को-ट्रायमॉक्साझोलच्या, म्हणजे सल्फाच्या, गोळ्या सुरू करू आणि संध्याकाळी घरी सोडू. गोळ्या सहा दिवसांच्या लिहिल्या आहेत.

माझा प्रश्न असा की, रक्तात जंतू सापडलेल्या माणसाला चार दिवसांत सलाईनवरून गोळीवर आणणे योग्य आहे का? घरात सगळ्यांचे म्हणणे आहे की निदान दहा दिवस तरी इंजेक्शनच हवे. डॉक्टरांवर अविश्वास नाही, पण ते दोन मिनिटांत पुढच्या खोलीत गेले आणि आम्ही विचारायचे ते राहूनच गेले.

पर्वती_पायथा

सुमेधाताई, माझे स्पष्ट मत आहे की थांबा. माझ्या वडिलांना मणक्यात जंतुसंसर्ग झाला होता तेव्हा सहा आठवडे शिरेतून औषध दिले होते, दंडात नळी बसवून घरी परिचारिका येत असे. रक्तात जंतू म्हणजे रक्तात जंतू. गोळी पोटात जाते, तिथून किती रक्तात उतरते याचा काही भरवसा नसतो. शिवाय पांढऱ्या पेशी पूर्ण सामान्य होईपर्यंत इंजेक्शन थांबवायचे नसते, हे मला त्या वेळी सांगितले होते.

मेडिक्लेमग्रस्त

विम्याचे काय? माझ्या मेहुण्याच्या वेळी शेवटचे दोन दिवस फक्त गोळ्या चालू होत्या, तर कंपनीने विचारले की 'सक्रिय उपचार' नसताना खाट का अडवली, आणि दोन दिवसांचे भाडे कापले. तेव्हा गोळ्या सुरू करणार असाल तर त्याच दिवशी घरी जा, एवढाच माझा वैद्यकीय सल्ला.

सुमेधा_कोथरूड

विम्याचा प्रश्न नाही हो, तो नंतर बघू. मला औषधाची काळजी आहे.

पांढरा_कोट

मी फिजिशियन आहे, सिंहगड रस्त्याला प्रॅक्टिस करतो. रुग्ण मी पाहिलेला नाही, त्यामुळे निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच; परंतु राउंडला हा निर्णय कसा घेतला जातो ते सांगू शकतो, कारण तो मला रोज घ्यावा लागतो.

प्रतिजैविक सुरू केल्यापासून ४८ तासांनी, म्हणजे साधारण कल्चरचा अहवाल हाती येतो तेव्हा, मी केसपेपरवर शिरेतले औषध चालू ठेवण्याचे कारण नव्याने लिहितो. कारण लिहिता आले नाही तर ते औषध गोळीवर जाते. लिहिण्याआधी पाहतो ते असे: गेले २४ तास ताप ३८ सेल्सियसच्या, म्हणजे १००.४ च्या खाली आहे का. रक्तदाब आधाराच्या औषधाशिवाय टिकतो आहे का, नाडी शंभराच्या खाली आली का. रुग्ण शुद्धीवर आणि नेहमीसारखा बोलतो आहे का. आणि मुख्य म्हणजे जेवतो आहे का, उलटी किंवा जोराचा जुलाब नाही ना. पांढऱ्या पेशी सामान्य झाल्याच पाहिजेत असे नाही, त्या उतरणीला लागल्या पाहिजेत. पर्वती_पायथा, तुम्हाला सांगितलेली गोष्ट निम्मी बरोबर आहे. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, तर आणखी रेंगाळतो. तो सामान्य होण्याची वाट पाहिली तर रुग्ण दिवाळीपर्यंत खाटेवर राहील.

हे सगळे जमले तरी दोन प्रश्न उरतात आणि माझ्या मते खरा निर्णय तिथे होतो. पहिला, संसर्गाचे मूळ आटोक्यात आहे का. मूत्रपिंडात अडकलेला खडा किंवा पुवाचा कप्पा असेल तर तो काढल्याशिवाय गोळीही उपयोगाची नाही आणि इंजेक्शनही नाही. सुमेधाताईंच्या सोनोग्राफीत ते नाही. दुसरा प्रश्न, अहवालानुसार त्या जंतूवर चालणारी आणि मूत्रपिंडात व रक्तात पुरेशी पोचणारी गोळी मुळात आहे का. ईएसबीएल जंतूच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नावरच बहुतेक वेळा गाडी अडते.

सुमेधाताई, संवेदनशीलतेचा तक्ता इथे लिहाल का? आणि त्या घरी रोज कोणत्या गोळ्या घेतात तेही. ते मला जास्त महत्त्वाचे वाटते आहे.

निवृत्त_पिंपरी

माझे सगळे आयुष्य पिंपरीच्या कॉलनीत गेले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली, आमचे वडील सुरुवातीपासून तिथे कामाला होते. 'खरे औषध सुईतूनच' ही समजूत आमच्या पिढीला का चिकटली, त्याचे उत्तर त्यांच्या खात्यातच होते. पेनिसिलिन-जी पोटातल्या आम्लात नष्ट होते आणि स्ट्रेप्टोमायसिन आतड्यातून शोषलेच जात नाही, म्हणून ही दोन्ही औषधे टोचूनच द्यावी लागत. त्या काळी ती समजूत अगदी बरोबर होती. औषधे बदलली, समजूत तशीच राहिली. आमच्या सौ. अजूनही डॉक्टरांनी सुई दिली नाही तर फी देताना हात आखडता घेतात.

औषधवाला

काका, हे अगदी पटले. मी लक्ष्मी रोडजवळ औषधांचे दुकान चालवतो. को-ट्रायमॉक्साझोल आतड्यातून जवळजवळ पूर्ण, शंभरातले नव्वदच्या आसपास शोषले जाते. लेव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, मेट्रोनिडाझोल यांचेही तसेच; गिळले काय आणि शिरेतून दिले काय, रक्तातली पातळी जवळपास तीच. उलट सेफिक्सिम निम्म्याहून कमी शोषले जाते. त्यामुळे 'गोळी कमजोर' असे सरसकट म्हणता येत नाही, कोणती गोळी ते विचारावे लागते.

एक सूचना मात्र करतो. सासूबाई कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या घेत असतील तर त्या प्रतिजैविकापासून लांब ठेवा आणि गोळी दुधाबरोबर देऊ नका, नाहीतर औषध पोटातच बांधले जाते आणि तसेच बाहेर पडते.

पांढरा_कोट

औषधवाला, तुमची सूचना सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिनसाठी अगदी रास्त आहे, आणि तिथे ती न पाळल्यामुळे उपचार फसलेले मी पाहिले आहेत: सकाळी आठला सिप्रो, सव्वाआठला कॅल्शियम, वर ग्लासभर दूध. को-ट्रायमॉक्साझोलला मात्र हा त्रास होत नाही. या औषधाच्या काळज्या वेगळ्या आहेत, म्हणूनच घरच्या गोळ्यांची यादी मागितली.

रात्रपाळी

मी वॉर्डात परिचारिका आहे, अकरा वर्षे झाली. दुसऱ्या बाजूचेही थोडे पाहा. मेरोपेनेम दिवसातून तीनदा म्हणजे एका रुग्णाची शीर दिवसातून निदान तीनदा उघडायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधुमेही रुग्णाच्या हाताकडे बघा: सुईच्या वर दोरीसारखी कडक, तांबडी, गरम रेघ दिसते, औषध सोडले की रुग्ण हात ओढून घेतो. मग ती सुई काढून दुसऱ्या हातात लावायची. त्या जागेतून नवा जंतू रक्तात शिरला तर मूळ आजार बरा होऊनही रुग्णाला पुन्हा ताप येतो, आणि सगळे म्हणतात, बघा, औषध पुरे पडले नाही. सुई ठेवण्याचेही काही कारण असावे लागते, 'असू दे' हे कारण नव्हे.

आणि एक, 'सलाईनने ताकद येते' म्हणणाऱ्यांसाठी. अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. साखरेच्या पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे एका पोळीपुरती ताकद. पोळी स्वस्त पडते.

मेडिक्लेमग्रस्त

बिलात त्या पोळीला 'आय. व्ही. फ्लुइड्स' म्हणतात, आणि तूप वेगळे लावतात.

सुमेधा_कोथरूड (शुक्रवार, पहाट)

झोप येत नव्हती, अहवालाचा फोटो पुन्हा काढून वाचला. सेफ्ट्रिआक्सोन, सेफिक्सिम, सिप्रो, लेव्हो यांच्यासमोर 'रेझिस्टंट'. मेरोपेनेम, अमिकासिन, को-ट्रायमॉक्साझोल, नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन यांच्यासमोर 'सेन्सिटिव्ह'. क्रिएटिनिन ०.९ आणि पोटॅशियम ४.५ आहे. पांढऱ्या पेशी सोमवारी १९,४०० होत्या, गुरुवारी १०,८०० आल्या.

घरच्या गोळ्या: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड २, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४०, आणि रात्री कॅल्शियम. टेल्मिसार्टन सोमवारी रक्तदाब कमी म्हणून बंद केली होती, काल रक्तदाब १४६ आला म्हणून पुन्हा सुरू केली आहे. हाताचे म्हणाल तर रात्रपाळीताई, तुम्ही लिहिले तशी रेघ डाव्या हातावर खरोखरच आहे. परवा सुई उजव्या हातात बदलली.

अनिकेत_हडपसर

माझ्या पत्नीला गेल्या वर्षी ई. कोलायचाच संसर्ग झाला होता, तोही ईएसबीएल. तिला दवाखान्यात दाखलही केले नाही, नायट्रोफ्युरँटॉइनच्या पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या आणि ती ठणठणीत बरी झाली. तुमच्या अहवालात ते औषध 'सेन्सिटिव्ह' आहे, त्याने पोटॅशियम वगैरेचा त्रास नाही, मग सल्फाचे औषध का द्यायचे? सल्फाची ॲलर्जी किती जणांना असते!

पांढरा_कोट

अनिकेत, तुमच्या पत्नीला ताप होता का? कुशीत दुखत होते का? बहुधा नाही, जळजळ आणि वारंवार लघवी, म्हणजे संसर्ग मूत्राशयापुरता होता. तिथे नायट्रोफ्युरँटॉइन उत्तम, कारण ते लघवीत एकवटते. पण म्हणूनच रक्तात आणि मूत्रपिंडाच्या उतींमध्ये त्याची पातळी नगण्य राहते. फॉस्फोमायसिनच्या पुडीचेही तेच. तक्त्यावरचा 'सेन्सिटिव्ह' हा शब्द प्रयोगशाळेतल्या बशीबद्दल बोलतो, औषध शरीरात कुठे पोचते याबद्दल तो काही सांगत नाही. सासूबाईंना हुडहुडी, ताप, कुशीतले दुखणे, रक्तात जंतू: इथे ते औषध दिले असते तर लघवी दोन दिवसांत स्वच्छ दिसली असती आणि ताप परत आला असता.

म्हणजे या तक्त्यात गोळीच्या रूपात एकच उपयोगी औषध आहे, को-ट्रायमॉक्साझोल. ते चांगले शोषले जाते, मूत्रपिंडात पोचते आणि जंतू त्याला बळी पडतो. रक्तात असे जंतू असलेल्या रुग्णांना पाच दिवसांच्या आत गोळीवर आणणे हा आता वेडेपणा मानला जात नाही. अमेरिकेतला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवसांत गोळीवर आणलेले आणि शिरेतल्या औषधावरच ठेवलेले असे ७३९-७३९ सारखे रुग्ण निवडून तुलना केली होती, आणि तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे १३ टक्के निघाले. गोळीवाले मात्र दोन दिवस आधी घरी गेले. हा नाणेफेक करून गट पाडलेला अभ्यास नव्हता, त्यामुळे डॉक्टरांनी जरा बरे रुग्णच गोळीला निवडले असतील, ही शंका उरते. तरी दिशा कळते.

सुमेधाताई, आता तुमच्या प्रश्नापेक्षा मला टोचणारी गोष्ट. को-ट्रायमॉक्साझोलमधले ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर पडू देत नाही, आणि टेल्मिसार्टनही तेच करते. दोन्ही एकत्र, वय साठीच्या पुढे, मधुमेह: अशा रुग्णाचे पोटॅशियम चार-पाच दिवसांत धोक्याच्या पातळीला जाऊ शकते, आणि वाढताना बहुतेक वेळा काही जाणवत नाही. तुमच्याकडे योगायोगाने दोन्ही औषधे एकाच आठवड्यात सुरू होत आहेत, तीही रुग्ण घरी जात असताना, म्हणजे रोजचे रक्त तपासणे थांबते तेव्हाच. उद्या राउंडला हे एकच विचारा: गोळ्या चालू असताना टेल्मिसार्टन थांबवू का, किंवा बदलून दुसरे देऊ का, आणि पोटॅशियम कधी तपासू? शिवाय ग्लिमेपिराइडमुळे साखर उतरण्याची शक्यता सल्फाबरोबर वाढते, तेव्हा या दिवसांत जेवण टाळू देऊ नका आणि घाम, थरथर वाटली तर साखर तपासा.

औषधवाला

डॉक्टर, एक शंका. आमच्याकडे मेरोपेनेमवरून सुटलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या येतात त्यात सर्रास फॅरोपेनेम २०० असते. पेनेम कुळातलेच ना? मग पोटॅशियमची भानगड नको म्हणून तेच का देऊ नये?

पांढरा_कोट

आडनाव सारखे म्हणून नाते तेवढेच जवळचे असे नसते. फॅरोपेनेमची गोळी आतड्यातून चौथ्या हिश्श्याच्या आसपासच शोषली जाते आणि रक्तात टिकतेही थोडाच वेळ. रक्तात जंतू असलेल्या ईएसबीएल रुग्णाला मेरोपेनेमनंतर ते दिले तर चालते, हे दाखवणारा भक्कम अभ्यास माझ्या पाहण्यात नाही. आणि या कुळातले औषध असे अर्धवट पातळीत घरोघर वापरले तर मेरोपेनेमलाच प्रतिकार तयार होईल, ही भीती आहे.

सांजवात

मी युरॉलॉजीत काम करते. पांढरा_कोट यांच्याशी तत्त्वतः सहमत आहे, पण एक बाजू नोंदवते. ज्या रुग्णाच्या तक्त्यात को-ट्रायमॉक्साझोल आणि सिप्रो-लेव्होसारखी क्विनोलोन दोन्ही 'रेझिस्टंट' आहेत आणि जो आणखी पाच दिवस राहायला तयार नाही, त्याला फॅरोपेनेम लिहिणारे डॉक्टर सगळेच निष्काळजी नसतात. त्यांच्यापुढे रिकामी चिठ्ठी किंवा हे औषध, एवढेच पर्याय दिसतात. मी स्वतः अशा वेळी एर्टापेनेम १ ग्रॅम दिवसातून एकदा, डे-केअरमध्ये किंवा घरी परिचारिकेकडून, उरलेल्या दिवसांपुरते देते. म्हणजे गोळीवर आणता आले नाही तरी रुग्णाला घरी पाठवता येते. खर्चाचा प्रश्न राहतोच, आणि तो प्रत्येकाला परवडतो असे मी म्हणणार नाही.

डोसबद्दलही मला शंका आहे. डबल स्ट्रेंथची एक गोळी दिवसातून दोनदा म्हणजे ट्रायमेथोप्रिम ३२० मिलिग्रॅम. रक्तात जंतू असताना काही जण वजनानुसार किलोला ८ ते १० मिलिग्रॅम देतात. ६० किलोच्या बाईंना ते ४८० ते ६०० होते. किती पुरेसे, यावर एकमत नाही.

पांढरा_कोट

खरे आहे. अडथळा नसलेल्या मूत्रपिंडाच्या संसर्गात आणि रुग्ण आधीच सुधारलेला असताना मी दोन गोळ्यांवर समाधान मानतो, कारण डोस वाढवला की पोटॅशियमही वाढते. पण हे माझे मत, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

पर्वती_पायथा

मग माझ्या वडिलांना सहा आठवडे सुई का ठेवली होती? तेव्हा गोळ्या नव्हत्या का?

पांढरा_कोट

हाडाच्या संसर्गाला आठवडे लागतात हे आजही तसेच आहे. पण ते सगळे आठवडे शिरेतूनच हवेत का, यावर ब्रिटनमध्ये एक हजाराहून जास्त रुग्णांवर नाणेफेक-पद्धतीचा अभ्यास झाला, तोही २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात गोळीवर आणलेल्यांत उपचार फसण्याचे प्रमाण १३.२ टक्के, शिरेतून चालू ठेवलेल्यांत १४.६. म्हणजे आज वडिलांबद्दल वेगळा निर्णय कदाचित झाला असता. 'कदाचित' अशासाठी की जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल आणि तो रक्तात असेल, तर मीही तुमच्यासारखाच घाबरट आहे. तो हृदयाच्या झडपेवर, मणक्यात कुठेही जाऊन बसतो. त्यामुळे 'रक्तात जंतू म्हणजे रक्तात जंतू' हे तेवढे मात्र बरोबर नाही. कोणता जंतू आणि कुठून आला यावर सगळे अवलंबून आहे.

निवृत्त_पिंपरी

माझ्या नातवाला सर्दी-खोकल्यावर डॉक्टरांनी एक इंजेक्शन देऊन तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. हा तोच प्रकार म्हणायचा का?

रात्रपाळी

नाही काका. सर्दीला बहुतेक वेळा या दोन्हीची गरज नसते. तो वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

सुमेधा_कोथरूड (शुक्रवार, रात्र)

घरी आलो. सकाळी डॉक्टरांना टेल्मिसार्टनचे विचारले. ते थोडे थांबले, केसपेपर उलटून पाहिला आणि म्हणाले, 'बरे झाले विचारलेत.' टेल्मिसार्टन थांबवून आठवडाभरासाठी ॲम्लोडिपिन दिली आहे आणि सोमवारी पोटॅशियम व क्रिएटिनिन करायला सांगितले आहे. सल्फाची ॲलर्जी कधी झाली होती का तेही विचारले, झालेली नाही. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी बंद करून लगेच यायचे, असे लिहून दिले आहे.

एकच गोष्ट विचारायची राहिली. नर्सिंग होममधले दोन दिवस धरून गोळ्यांसह एकूण किती दिवस होतात, यावर सासरे आणि माझे पती यांच्यात हिशेबाचा वाद चालू आहे. सासऱ्यांच्या मते चौदा दिवस व्हायला हवेत.

पांढरा_कोट

नर्सिंग होममधले दोन दिवस मोजूच नका. सेफ्ट्रिआक्सोन त्या जंतूवर चालत नव्हते, म्हणजे ते दिवस उपचाराचे नव्हतेच. जंतूवर चालणारे पहिले औषध सोमवारी दुपारी मिळाले, तो पहिला दिवस. शुक्रवार पाचवा, रविवार सातवा. शिरेतले दिवस आणि गोळीचे दिवस एकाच बेरजेत येतात. गोळी सुरू झाली म्हणून मोजणी पुन्हा एकपासून होत नाही, ही चूक फार ठिकाणी होते.

अशा संसर्गात सात दिवस चौदाइतकेच चालतात, हे एकाहून जास्त चाचण्यांत दिसले आहे; त्यातली सर्वांत मोठी २०२४ मध्ये आली, साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांची. सासूबाईंचा ताप दीड-दोन दिवसांत उतरला, अडथळा नाही. मी सातवर थांबवले असते. तुमच्या डॉक्टरांनी दहा धरलेले दिसतात, कदाचित मधुमेह आणि उतरलेला रक्तदाब बघून. ते चूक म्हणता येणार नाही, पण चौदाची गरज मला तरी दिसत नाही.

सांजवात

मी दहावरच थांबले असते. पहिल्या दिवशी रक्तदाब ९४ होता, हे मला विसरवत नाही.

पर्वती_पायथा

म्हणजे डॉक्टरांतही सात आणि दहा आहेच. मग सासरेबुवांनी चौदा म्हटले तर काय बिघडले?

सुमेधा_कोथरूड (सोमवार, रात्र)

आज अहवाल आला. पोटॅशियम ५.३, क्रिएटिनिन ०.९ चे १.२ झाले आहे. ताप नाही, भूक चांगली आहे, काल त्यांनी स्वतः उठून पोळ्या लाटल्या. पण १.२ वाचून घरात पुन्हा घबराट पसरली की मूत्रपिंडावर गोळीचा परिणाम झाला आणि इंजेक्शनच ठेवायला हवे होते.

पांढरा_कोट

क्रिएटिनिनची एवढी वाढ बऱ्याचदा फसवी असते. ट्रायमेथोप्रिम क्रिएटिनिनला लघवीत उतरण्याच्या एका वाटेवर अडवते, त्यामुळे मूत्रपिंड पहिल्याइतकेच काम करत असताना आकडा चढतो आणि गोळी थांबली की उतरतो. पण युरिया वाढला नाही ना आणि लघवी नेहमीइतकी होते ना, एवढे बघायला हवे. पोटॅशियम ५.३ मात्र खरे आहे. टेल्मिसार्टन बंद असताना एवढे चढले. चालू असती तर काय झाले असते याचा विचार मला नको वाटतो. आजच डॉक्टरांना फोन करा, उद्यावर टाकू नका. नारळपाणी देत असाल तर तेही थांबवा.

सुमेधा_कोथरूड

रोज दोन शहाळी देत होतो! ताकदीसाठी.

मेडिक्लेमग्रस्त

सलाईन काढले, तर घरच्यांनी झाडावरचे लावले.

सुमेधा_कोथरूड (पुढचा शुक्रवार)

उशिरा लिहिते आहे. सोमवारी रात्रीच डॉक्टरांशी बोलणे झाले. युरिया सामान्य होता. ते म्हणाले, चालणाऱ्या औषधाचे सात दिवस काल पूर्ण झाले आहेत आणि ताप नाही, तर गोळ्या इथेच थांबवू. उरलेल्या पाच गोळ्या औषधवाल्यांनी परत घेतल्या नाहीत, पाकीट फोडलेले होते. काल पुन्हा तपासले: पोटॅशियम ४.६, क्रिएटिनिन १.०. आजपासून टेल्मिसार्टन परत सुरू केली आहे, पुढच्या आठवड्यात एकदा रक्त तपासायचे आहे. डाव्या हातावरची दोरी अजून लागते, ती कधी जाईल?

रात्रपाळी

दोन-तीन आठवडे धरा. गरम पाण्याच्या कपड्याने दिवसातून तीन वेळा शेका. मधुमेह आहे, तेव्हा कपडा आधी आपल्या मनगटाला लावून बघा. लाली वाढली, पू दिसला किंवा पुन्हा ताप आला तर लगेच दाखवा. आणि त्या पाच गोळ्या 'पुढच्या वेळी लागतील' म्हणून डब्यात ठेवू नका.